काळ्या पडद्यातून झिरपणारा उजेड

लॅपटॉपची ब्राइटनेसची कळ दाबत दाबत शेवटच्या पायरीवर आणली, तरी अंधाऱ्या खोलीत पडदा डोळ्यांवर येतोच. दुपारी याच पायरीवर पडद्यावर धड काही वाचता येत नाही. रात्री मात्र त्याच उजेडात समोरची भिंत उजळते आणि शेजारी झोपलेलं माणूस कूस बदलतं. मग कुणीतरी पडदा मंद करणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर सुचवतं. ते टाकल्यावर पडदा खरंच मंद होतो, वाचायला बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी त्यावर रात्रीच्या प्रसंगांचा एखादा सिनेमा लावावा, तर सगळं राखाडी आणि गढूळ दिसतं. सॉफ्टवेअर खराब आहे, असं वाटून माणूस ते काढून टाकतो. खरं तर त्यात सॉफ्टवेअरचा काही दोष नसतो. त्याच्या हातात पडद्याचा अर्धाच कारभार असतो, आणि हा अर्धा कुठला ते कळलं की त्याचा उपयोग नीट करून घेता येतो.

बहुतेक लॅपटॉपचा पडदा एलसीडी जातीचा असतो. त्याच्या मागे पांढऱ्या एलईडींचा सपाट दिवा असतो, त्याला बॅकलाइट म्हणतात. पडदा चालू आहे तोवर हा दिवा अखंड जळतो. त्याच्या पुढे द्रवस्फटिकांचा थर असतो आणि प्रत्येक पिक्सेल म्हणजे त्या थरातली एक छोटी झडप. पांढरा ठिपका दाखवायचा तर झडप उघडते, काळा दाखवायचा तर मिटते. जुन्या वाड्यांतल्या खिडक्यांच्या लाकडी झडपा कितीही घट्ट मिटल्या तरी फटींतून ऊन आत यायचं, तसंच इथेही होतं. मिटलेल्या पिक्सेलमधूनही थोडा उजेड झिरपतो.

हा थोडा म्हणजे किती, ते पडद्याच्या कॉन्ट्रास्टवरून कळतं. चांगल्या लॅपटॉपमधल्या आयपीएस पडद्याचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ असतो. म्हणजे पूर्ण पांढरा भाग जितका उजळ, त्याच्या हजाराव्या हिश्शाइतका काळा भागही उजळ असतो. पडद्याचा उजेड ‘निट’ या एककात मोजतात. दुकानात मिळणाऱ्या साध्या लॅपटॉपची कमाल पातळी २५० ते ३०० निटांच्या आसपास असते. किमान पातळी मात्र प्रत्येक मॉडेलची वेगळी. काही पडदे तीन-चार निटांपर्यंत खाली येतात, काही पंधरा-वीस निटांवरच अडतात. कंपनी आपल्या फर्मवेअरमध्ये एक तळ ठरवून ठेवते आणि कळ दाबून आपण त्याखाली जाऊ शकत नाही. पडदा चुकून पार काळा होऊन गिऱ्हाईक घाबरू नये, आणि फार कमी विजेवर एलईडी असमान जळू नयेत, अशी कारणं त्यामागे असतात.

पंधरा निट ऐकायला काहीच वाटत नाहीत. चित्रपटगृहातल्या डिजिटल पडद्यावर पूर्ण पांढऱ्यासाठी ठरवलेलं प्रमाण ४८ निट आहे आणि तिथे कुणाचे डोळे दिपत नाहीत. पण सिनेमाची चौकट सगळीच्या सगळी पांढरी क्वचितच असते, तिचा बराच भाग सावलीत असतो. लॅपटॉपवर आपण पांढऱ्या पानावरची काळी अक्षरं वाचतो, म्हणजे जवळजवळ सगळा पडदा कमाल उजेड फेकत असतो, तोही डोळ्यांपासून हात-दीड हातावर. शिवाय अंधारात २० ते ३० मिनिटं बसलं की डोळा बराच संवेदनशील होतो. म्हणून रात्री बाराला हेच पंधरा निट बोचतात.

आपल्या पडद्याचा तळ किती आहे, ते यंत्राशिवाय अंदाजाने काढता येतं. साध्या मेणबत्तीचा उजेड साधारण एक कँडेला धरतात. तिच्यासमोर एक मीटरवर उभा धरलेला पांढरा कागद सुमारे पाव निटाइतका उजळ दिसतो. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. या हिशेबाने पाव मीटरवर कागद चार निटांच्या थोडा वर जातो आणि १३ सेंटिमीटरवर पंधरा निटांच्या आसपास. अंधाऱ्या खोलीत पडदा सगळ्यात खालच्या पायरीवर आणून पूर्ण पांढरं पान उघडायचं. शेजारी पुस्तकाला टेकवून पांढरा कागद उभा करायचा आणि मेणबत्ती हळूहळू त्याच्याकडे सरकवायची. तिचा उजेड पडद्यावर पडू नये म्हणून मध्ये एक पुठ्ठा लावायचा. कागद आणि पडदा सारखेच उजळ वाटले की अंतर मोजायचं. ज्योत पिवळी आणि पडदा निळसर असल्यामुळे तुलना अगदी काटेकोर होत नाही, पण आपला तळ चार निटांचा की पंधरा निटांचा, एवढं नक्की कळतं. अर्थात कागद आणि ज्योत यांच्यात अंतर राखून, कुणीतरी जागं असतानाच हे करावं.

समजा तळ पंधरा निटांचा निघाला. याचाच हिशेब पुढे नेऊ. पांढरं १५ निट, म्हणजे १०००:१ कॉन्ट्रास्टने काळं ०.०१५ निट. आपल्याला पांढरं दोन निटांवर आणायचं आहे. बॅकलाइट त्याखाली जात नाही. मग सॉफ्टवेअर काय करतं? ते दिव्याला हात लावत नाही, झडपा कमी उघडतं. पांढऱ्याच्या जागी राखाडी, राखाडीच्या जागी गडद राखाडी पाठवतं. पिक्सेलला दिलेला प्रत्येक आकडा ते एका ठरावीक गुणकाने गुणतं.

इथे एक गंमत आहे आणि पुष्कळजण तिथे फसतात. सॉफ्टवेअरमध्ये ५० टक्के निवडलं म्हणून उजेड निम्मा होत नाही. संगणकातले रंगांचे आकडे उजेडाच्या थेट प्रमाणात नसतात, डोळ्याच्या सोयीसाठी ते वाकवलेले असतात. त्या वाकणीला गॅमा म्हणतात आणि तो साधारण २.२ असतो. आकडा निम्मा केला तर उजेड सुमारे २२ टक्के उरतो. ०.७ ने गुणलं तर ४५ टक्के, ०.३ ने गुणलं तर फक्त सात टक्के. आपल्या उदाहरणात १५ वरून दोनच्या जवळ, म्हणजे आठव्या हिश्शावर यायचं आहे. त्यासाठी गुणक ०.३९ लागतो.

पांढरं आता १.९ निट झालं. काळं मात्र ०.०१५ निटच राहिलं. काळ्याचा आकडा शून्य आहे, शून्याला कशानेही गुणा, शून्यच येणार. झडप आधीच मिटलेली आहे आणि झिरपणारा उजेड मागच्या दिव्यातून येतो आहे. त्यामुळे १०००:१ असलेला कॉन्ट्रास्ट १२५:१ वर येतो. वाचायला एवढा कॉन्ट्रास्ट पुष्कळ झाला. काळ्यावर पांढरी अक्षरं किंवा पांढऱ्यावर काळी अक्षरं, दोन्ही स्वच्छ दिसतात. गुणक ०.१ वर नेला तर मात्र पांढरं एक दशांश निटाच्याही खाली जातं आणि कॉन्ट्रास्ट जेमतेम सहा-सातपट उरतो. मग सगळा पडदा एकसारखा धुरकट चौकोन होतो.

सिनेमाचं गढूळपण याच हिशेबातून येतं. रात्रीच्या दृश्यात काळ्या भिंतीसमोर गडद कोट घातलेला माणूस उभा आहे असं धरा. कोटाचा आकडा २५५ पैकी २०, भिंतीचा शून्य. सॉफ्टवेअर न लावता पंधरा निटांच्या पडद्यावर कोटाचा स्वतःचा उजेड आणि झिरपणारा उजेड मिळून ०.०७ निट होतात, तर भिंत ०.०१५. कोट भिंतीपेक्षा जवळजवळ पाचपट उजळ, म्हणून उठून दिसतो. गुणक ०.३९ केल्यावर कोट ०.०२२ निटांवर येतो आणि भिंत तिथेच राहते. फरक दीडपटच उरला. माणूस भिंतीत विरघळतो. सॉफ्टवेअरने चित्राचा उजळ भाग खाली आणला, पण काळ्या भागाची झिरप तशीच ठेवली, त्यामुळे गडद छटा त्या झिरपीत बुडाल्या.

हे स्वतः पाहायचं असेल तर एक पूर्ण काळं चित्र पडदाभर उघडा, ब्राइटनेस किमान पातळीवर आणा, खोलीत पूर्ण अंधार करा आणि दहा मिनिटं बसा. पडदा काळा न दिसता मंद, बहुधा निळसर तेजाने भरलेला दिसेल, कोपऱ्यांत थोडा जास्तच. आता सॉफ्टवेअर चालू-बंद करून पाहा. त्या तेजात काहीच फरक पडणार नाही. सॉफ्टवेअरच्या मंदपणाची हद्द तिथे संपते.

म्हणून सॉफ्टवेअर टाकण्याआधी दिव्याचा खरा तळ गाठला आहे ना, ते तपासायला हवं. बॅकलाइट कमी केला की पांढरं आणि काळं दोन्ही एकत्र खाली येतात, कॉन्ट्रास्टचं काही नुकसान होत नाही. लिनक्सवर स्लायडर पुष्कळदा खऱ्या तळाच्या आधीच थांबतो. `brightnessctl` ही छोटी आज्ञावली टाकली असेल तर थेट आकडा देता येतो:

```
cat /sys/class/backlight/*/max_brightness
brightnessctl set 1
```

पहिली ओळ एकूण किती पायऱ्या आहेत ते सांगते, दुसरी शून्याच्या वरची पहिली पायरी लावते. शून्य देऊ नका. काही लॅपटॉपवर शून्य म्हणजे सगळ्यात मंद, काहींवर दिवा पूर्ण बंद. इंटेलच्या ग्राफिक्स चिपवर फर्मवेअरने सांगितलेला तळ ड्रायव्हर पाळतो, त्यामुळे एक दिला तरी उजेड ठरलेल्या पातळीखाली जाईलच असं नाही. मॅकबुकवर शिफ्ट आणि ऑप्शन धरून ब्राइटनेसची कळ दाबली की एका पायरीचे चार तुकडे होतात आणि शेवटच्या दोन पायऱ्यांमधली मंद जागा सापडते. विंडोजवर स्लायडर शून्यावर नेला की तोच तळ. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये, ब्राइटनेसच्या खाली, चित्र पाहून उजेड आपोआप बदलण्याची सोय काही लॅपटॉपवर दिसते. ती बंद ठेवा. नाहीतर आपण पडदा मंद करायचा आणि यंत्राने तो मधूनच वरखाली करायचा, असा खेळ चालतो.

आता सॉफ्टवेअर. ते दोन तऱ्हांनी काम करतं आणि आपल्याकडचं कुठल्या तऱ्हेचं आहे ते माहीत असलेलं बरं. पहिली तऱ्हा ग्राफिक्स चिपमधल्या गॅमा-तक्त्याची. पिक्सेलचा आकडा पडद्याकडे जाताना या तक्त्यातून जातो, तिथेच त्याला गुणलं जातं. विंडोजवर २००९ पासून असलेलं `f.lux` आणि त्याच जातीचं `LightBulb` या वाटेने जातात. `f.lux` मध्ये Alt धरून PgDn दाबत गेलं की पडदा मंद होत जातो, PgUp ने परत उजळतो. विंडोज या तक्त्याला ठरावीक मर्यादेपलीकडे वाकवू देत नाही. ती मर्यादा सैल करायची तर रजिस्ट्रीत एक नोंद करून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा लागतो:

```
HKEY_LOCAL_MACHINE\SOFTWARE\Microsoft\Windows NT\CurrentVersion\ICM
GdiICMGammaRange   DWORD   256
```

२५६ हा आकडा दशमान पद्धतीतला आहे. नोंद भरताना तो पर्याय निवडायला विसरू नका.

लिनक्सवर जुन्या एक्स पद्धतीचा डेस्कटॉप असेल तर काही टाकावंही लागत नाही. पण पहिल्यांदा करताना परतीची वाट आधीच लिहून ठेवावी:

```
xrandr --output eDP-1 --brightness 0.4; sleep 15
xrandr --output eDP-1 --brightness 1
```

दोन्ही ओळी एकदम चिकटवून चालवल्या की पंधरा सेकंदांनी पडदा आपोआप पूर्ववत होतो. गुणक फारच कमी दिला गेला तरी अंधारात चाचपडावं लागत नाही. `eDP-1` हे पडद्याचं नाव तुमच्या लॅपटॉपवर वेगळं असू शकतं, नुसतं `xrandr` लिहून ते पाहता येतं. या आज्ञेत `brightness` हा शब्द असला तरी ती बॅकलाइटला स्पर्शही करत नाही, फक्त गॅमा-तक्ता गुणते. नव्या वेलँड पद्धतीच्या डेस्कटॉपवर मात्र ही आज्ञा चालत नाही. स्वेसारख्या डेस्कटॉपवर `gammastep -O 4500 -b 0.4` हे काम करतं. ग्नोम बाहेरच्या प्रोग्रामला तक्त्याला हात लावू देत नाही.

दुसरी तऱ्हा सोपी: पडदाभर एक अर्धपारदर्शक काळी खिडकी पसरायची. फुकट मिळणारे कितीतरी ‘डिमर’ हेच करतात. त्यांना कुठल्या परवानगीची अडचण येत नाही, म्हणून ते सगळीकडे चालतात, आणि याच कारणाने ते मधूनमधून फसतातही. माउसचा बाण पुष्कळदा वेगळ्या थरावर काढला जातो, त्यामुळे मंद पडद्यावर तो एकटाच झगझगीत दिसतो. विंडोजने पासवर्ड किंवा परवानगी विचारली की ती चौकट काळ्या खिडकीच्या वर येते आणि क्षणात सगळी खोली उजळते. खेळ पूर्ण पडद्यावर उघडला की काळी खिडकी मागे पडू शकते.

कोणती तऱ्हा आहे ते ओळखायचं सोपं आहे. पडदा मंद असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोनवर पाठवून पाहा. चित्र नेहमीसारखं उजळ असेल तर काम गॅमा-तक्त्यातून होतं आहे, कारण स्क्रीनशॉट तक्त्याच्या आधीच्या टप्प्यावर घेतला जातो. चित्र काळवंडलेलं असेल तर काळी खिडकी. रात्री घेतलेले स्क्रीनशॉट सकाळी ऑफिसात पाठवणाऱ्यांना हा फरक फार उपयोगी पडतो.

गॅमा-तक्त्यालाही आपल्या तक्रारी आहेत. तो एकच असतो, त्यामुळे दोन प्रोग्राम त्यावर हक्क सांगू लागले की पडदा मंद-उजळ असा उड्या मारतो. `f.lux` लावलं असेल तर विंडोजची नाइट लाइट बंद करावी. लॅपटॉप झोपेतून उठला की तक्ता कधीकधी कोरा होतो आणि पहिला क्षण पूर्ण उजेडाचा जातो. म्हणूनच बॅकलाइट आधी किमानवर आणून ठेवायचा, म्हणजे हा धक्का पंधरा निटांचा बसतो, तीनशेचा नव्हे. एचडीआर चालू केल्यावर किंवा काही खेळांत तक्ता डावलला जातो. रंगांचं कॅलिब्रेशन केलेल्या पडद्यावर तेही याच तक्त्यात राहतं. मंद करणारं सॉफ्टवेअर ते पुसून टाकू शकतं, तेव्हा फोटो एडिट करणाऱ्यांनी जपून. आणि छटाही कमी होतात. ०.३९ ने गुणल्यावर २५६ पायऱ्यांच्या जेमतेम १०० उरतात. संध्याकाळच्या आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात पट्टे दिसू लागतात. हे पट्टे दिसले की आपण गरजेपेक्षा खाली गेलो आहोत असं समजावं.

नाइट लाइटबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. पडदा पिवळसर करणं आणि मंद करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पडद्याच्या पांढऱ्या उजेडात निळ्याचा वाटा सुमारे सात टक्के असतो, हिरव्याचा सत्तरहून अधिक. निळा सगळा काढून टाकला तरी डोळ्याला जाणवणारा उजेड फारसा कमी होत नाही. पिवळा पडदा मऊ वाटतो हे खरं, भिंतीवरचा उजेड मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. डार्क मोडचा उपयोग त्याहून जास्त होतो, कारण पडद्याचा बहुतेक भाग झिरपीच्या पातळीवर जातो आणि उजळ राहतात ती फक्त अक्षरं. वाचनासाठी माझं मत विचाराल तर हाच क्रम: बॅकलाइट तळाला, मग डार्क मोड, आणि मग सॉफ्टवेअरचा गुणक ०.६ ते ०.४ च्या दरम्यान. त्याखाली जाण्यात अर्थ नाही.

आणि तरीही उजेड जास्तच वाटला तर? मग उपाय काचेच्या पुढे आहे. सिनेमा आणि फोटोग्राफीच्या दिव्यांवर लावायची राखाडी न्यूट्रल डेन्सिटी फिल्म मिळते. तिच्या ०.९ क्रमांकाच्या पानातून आठवा हिस्सा उजेड पार होतो. १५ निटांचं पांढरं इथेही १.९ निट होतं, म्हणजे गुणक ०.३९ ने जेवढं झालं तेवढंच. पण फिल्म काळ्यातून झिरपणारा उजेडही आठपटीने अडवते. काळं ०.००१९ निटांवर येतं, कॉन्ट्रास्ट हजारच्या हजार राहतो आणि तो कोटवाला माणूस भिंतीपासून पुन्हा वेगळा दिसतो. रात्री सिनेमे पाहणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअरपेक्षा हे साधं प्लॅस्टिकचं पान कितीतरी बरं. ते पडद्याच्या मापाचं कापून वरच्या कडेला नुसतं अडकवायचं, काचेवर चिकटवायचं नाही. आणि झाकण मिटण्याआधी आठवणीने काढायचं. आताच्या पातळ लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड यांच्यात जागा जवळजवळ नसते, मध्ये काही राहिलं तर पडद्याला तडा जाऊ शकतो.

आकाशनिरीक्षणाला जाणाऱ्यांना हे जुनं आहे. वांगणीला रात्रभर तारे पाहायला जमणारी मंडळी लाल टॉर्च वापरतात, कारण मंद लाल उजेडाने अंधाराला सरावलेल्या डोळ्याचा सराव फारसा मोडत नाही. `Stellarium` या आकाशदर्शनाच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि N दाबलं की सगळं लाल होतं. पण एलसीडीच्या काळ्या भागातून झिरपणारा उजेड पांढराच राहतो आणि प्रोग्रामला तो लाल करता येत नाही. म्हणून अनुभवी लोक प्रोग्रामच्या जोडीला पडद्यावर लाल जिलेटीन कागदही लावतात. तो झिरपीतला निळा-हिरवा भाग अडवतो.

ओलेड पडद्याच्या लॅपटॉपवर वरचा बराच हिशेब बदलतो. तिथे मागचा दिवा नसतोच, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो आणि काळा पिक्सेल पूर्ण विझतो. त्यामुळे सॉफ्टवेअरने मंद केल्यावर काळं वर राहत नाही, कॉन्ट्रास्टचा प्रश्न फारसा उरत नाही आणि बॅटरीही वाचते. एलसीडीवर सॉफ्टवेअरने मंद करून बॅटरीचा काहीच फायदा होत नाही, दिवा तेवढीच वीज खातो. ओलेडची अडचण वेगळी आहे. कमी ब्राइटनेसवर त्याचा उजेड पुष्कळदा वेगाने चालू-बंद होत राहतो. काही एलसीडींचे बॅकलाइटही असंच करतात. कुणाला याने डोकं दुखतं, कुणाला काहीच होत नाही. ओळखण्यासाठी पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल जोरात डावी-उजवीकडे हलवा. अखंड पुसट पट्टा दिसण्याऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर उजेड लुकलुकतो आहे. अशा वेळी क्रम उलटा करावा. लुकलुक थांबेपर्यंत ब्राइटनेस वर न्यायची आणि बाकीचं काम सॉफ्टवेअरकडे द्यायचं. ओलेडवर हा सौदा जवळजवळ फुकट पडतो. एलसीडीवर त्याची किंमत मोजावी लागते. बॅकलाइट ६० निटांवर ठेवून चार निटांचं पांढरं हवं असेल तर गुणक ०.२९ लागतो. काळं मग ०.०६ निटांवर चमकतं आणि कॉन्ट्रास्ट ६७:१ उरतो. वाचन होतं, सिनेमा नाही.

फोनवाल्यांनी हा प्रश्न कधीच ओळखला. अँड्रॉइड १२ मध्ये, २०२१ साली, ‘एक्स्ट्रा डिम’ नावाची कळ आली आणि आयफोनमध्ये पांढऱ्याची तीव्रता उतरवण्याची सोय त्याच्याही आधीपासून आहे. लॅपटॉपची जाहिरात मात्र अजूनही कमाल निटांवरच चालते. नवा लॅपटॉप घेणार असाल आणि रात्री अंधारात वापरणार असाल, तर किमान ब्राइटनेस किती निट आहे तेही शोधा. पडदे मोजून परीक्षण लिहिणारे बरेच जण हा आकडा देतात. चार-पाच निटांपर्यंत खाली येणारा पडदा मिळाला, तर वर सांगितलेल्यातलं बहुतेक काही करावंच लागणार नाही. दुकानातल्या लख्ख उजेडात मात्र हे तपासायला जाऊ नका, तिथे प्रत्येक पडदा मंदच दिसतो.